दोन टोकं वेगळ्या उंचीवर असताना केबलचा सॅग, ताण आणि लांबी

प्रश्न: स्पॅन ६० मी, उजवं टोक डाव्यापेक्षा ६ मी उंच, सगळ्यात खालचा बिंदू डाव्या टोकाच्या २ मी खाली, लोड आडव्या लांबीवर ६ किलोन्यूटन प्रति मीटर. H = wL²/8d मध्ये d = २ घातलं तर १३५० येतंय, पुस्तकात ६०० आहे. कुठे चुकतंय? आणि लांबी कशी काढायची?

फॉर्म्युला बरोबर आहे, d चुकीचा आहे. wL²/8d मधला d म्हणजे दोन्ही टोकं जोडणाऱ्या सरळ रेषेपासून स्पॅनच्या मध्यावर केबल किती खाली आहे ते. टोकं एका लेव्हलला असली की तोच खालच्या बिंदूपर्यंतचा सॅग असतो, म्हणून फरक कळत नाही, आणि टोकं वरखाली झाली की सगळे तिथेच अडकतात.

तुमच्याकडे खालचा बिंदू दिलाय, तर केबल तिथेच तोडून बघा. त्या बिंदूला केबल आडवी असते, तिथे फक्त आडवा ताण H असतो, उभा ताण शून्य. दोन्ही बाजूंचे तुकडे एकाच पॅराबोलाचे आहेत, म्हणजे y हा x च्या वर्गाच्या प्रमाणात. डावीकडे y = २, उजवीकडे २ + ६ = ८, त्यामुळे x चं प्रमाण √2 : √8, म्हणजे १ : २. स्पॅन ६०, म्हणून डावीकडे २० आणि उजवीकडे ४० मी.

```
H = w x² / 2y
डावीकडून:  6 × 20² / (2×2) = 600 kN
उजवीकडून: 6 × 40² / (2×8) = 600 kN
```

दोन्हीकडून एकच H यायला हवा, नाही आला तर x चं वाटप चुकलंय, हा चेक परीक्षेत अर्ध्या मिनिटात होतो. आता तुमचा d: मध्यावर जोडरेषा खालच्या बिंदूच्या ५ मी वर, आणि मध्य हा खालच्या बिंदूपासून १० मी लांब, तिथे केबल ०.५ मी वर, म्हणून d = ४.५. 6×3600/(8×4.5) केलं की परत ६००. काहीजण २ आणि ८ ची सरासरी ५ घालतात, मग ५४० येतं, म्हणजे ताण कमी दिसतो, आणि डिझाइनमध्ये हे जास्त धोक्याचं.

टोकाचा ताण: उभा भाग w गुणिले त्या बाजूचा x, म्हणजे डावीकडे १२०, उजवीकडे २४०. √(600² + 120²) = ६१२ आणि √(600² + 240²) = ६४६ किलोन्यूटन. जास्तीत जास्त ताण कायम वरच्या टोकाला, केबलचा साइज त्यावर ठरवायचा.

लांबी दोन तुकड्यांची वेगवेगळी काढून बेरीज करायची, अख्ख्या स्पॅनला एकच फॉर्म्युला लावू नका.

```
s ≈ x + 2y²/3x
20 + 0.133 = 20.133
40 + 1.067 = 41.067
```

एकूण ६१.२० मी. पूर्ण इंटिग्रल केलं तर ६१.१७५ येतं, म्हणजे फरक अडीच सेंटिमीटरचा, आणि तो जवळजवळ सगळा उजव्या, जास्त चढाच्या तुकड्यात आहे. परीक्षेला चालेल.

साइटवर मात्र दुसरीच गोष्ट मोठी असते, ती म्हणजे ही ताणलेली लांबी आहे, कापायची नाही. केबलचं क्षेत्रफळ २००० चौ. मिमी आणि E १६०००० MPa धरला तर या ताणाखाली ती सुमारे १२ सेमी लांबते. लांबी १२ सेमी वाढली की d साधारण ३० सेमी वाढतो, इतकं ते सेन्सिटिव्ह आहे. म्हणून कापताना ते १२ सेमी वजा करायचे, नाहीतर झुलत्या पुलाचा डेक ठरलेल्या लेव्हलच्या खाली बसतो.

अजून एक: खालचा बिंदू दोन टोकांच्या मधेच असतो असं समजू नका. टोकांच्या उंचीतला फरक h धरला तर डाव्या टोकापासून त्याचं अंतर L/2 − Hh/wL, इथे ३० − १० = २०. केबल ताणत गेलात तर H वाढतो, बिंदू डावीकडे सरकतो, आणि h हा 4d पेक्षा मोठा झाला, म्हणजे इथे d १.५ मीच्या खाली गेला, की तो स्पॅनच्या बाहेर. मग डावीकडचा x निगेटिव्ह येतो, वर्गमूळ घेताना वजा चिन्ह धरावं लागतं, आणि केबल खालच्या सपोर्टला वर उचलायला लागते. डोंगरातल्या ट्रान्समिशन लाइनला थंडीत तारा आखडल्या की हाच प्रकार होतो, सखल भागातल्या टॉवरवर अपलिफ्ट येतो. (तारेचं स्वतःचं वजन तारेच्या लांबीवर असतं, म्हणून तिथे खरा आकार कॅटेनरी, पण सॅग स्पॅनच्या मानाने कमी असला की पॅराबोलाने भागतं.) तुमच्या गणितात 4d = १८ आणि h = ६, त्यामुळे ती भानगड नाही.