गोळी सोडायची नाही, बदलायची

ताई, मी २९ वर्षांची. सतराव्या वर्षापासून मला फिट्स येतात. व्हॅलप्रोएटची ५०० मिलिग्रॅमची गोळी सकाळी आणि रात्री घेते. तीन वर्षांत एकही फिट आलेली नाही. आता बाळाचा विचार आहे. डॉक्टर म्हणतात, ही गोळी हळूहळू बंद करून लॅमोट्रिजिन चालू करू, निदान सहा महिने थांबा, आणि गरोदरपणात डोस वाढवावाही लागेल. जाऊबाई म्हणतात, सगळ्याच गोळ्या सोड, त्यातच बाळाचं भलं. आठवडाभर मी रात्रीची गोळी कुणालाही न सांगता घेतलेली नाही. माझं चुकतंय का?

हो, चुकतंय. पाळी लांबलेली नसेल तर आज रात्रीपासून गोळी परत सुरू कर आणि उद्या डॉक्टरांना फोन करून हे सगळं सांग. पाळी लांबली असेल तर आजच फोन कर. पण तोवर सकाळची गोळीही स्वतःच्या मनाने थांबवू नकोस.

जाऊबाईंची काळजी अगदीच निराधार नाही. व्हॅलप्रोएट घेणाऱ्या आयांच्या १०० पैकी साधारण १० बाळांत जन्मजात व्यंग आढळतं. एरवी हे प्रमाण दोन-तीन असतं. शिवाय ३० ते ४० मुलांना पुढे बोलायला, शिकायला अडचणी येतात. म्हणूनच डॉक्टर ही गोळी बदलताहेत. लॅमोट्रिजिनवर व्यंगाचं प्रमाण जवळपास एरवीइतकंच राहतं.

मग काहीच न घेणं का नको? कारण मोठी फिट आली की काही क्षण तुझा श्वास नीट चालत नाही आणि बाळाचाही प्राणवायू कमी होतो. त्यात पोटावर पडण्याची भीती. औषध एकदम तोडलं तर एकामागून एक, न थांबणाऱ्या फिट्स येऊ शकतात, आणि त्यात आईचा जीवही जाऊ शकतो.

‘दिवस राहिले की बघू’ हेही चालत नाही. ज्या नळीपासून बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू बनतो, ती गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत मिटते. तेव्हा तुझी पाळी जेमतेम दोन आठवडे लांबलेली असेल. म्हणून बदल आधी करायचा. फॉलिक अ‍ॅसिडही आधीच सुरू करतात. फिट्सची औषधं घेणाऱ्या बायकांना डॉक्टर बहुधा ५ मिलिग्रॅमची गोळी देतात. तुला दिली नसेल तर विचार.

आता ते सहा महिने. व्हॅलप्रोएट शरीरात असताना लॅमोट्रिजिन यकृतातून लवकर बाहेर पडत नाही, रक्तात त्याचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं. म्हणून सुरुवात अगदी थोडक्याने, बहुधा एक दिवसाआड २५ मिलिग्रॅमने होते. घाई केली तर अंगावर गंभीर पुरळ उठू शकतं. पुरळ आलं, त्यात ताप किंवा तोंडात फोड असले, तर त्याच दिवशी दाखवायचं. पुढे व्हॅलप्रोएट कमी होऊ लागलं की उलट घडतं: लॅमोट्रिजिन भराभर बाहेर पडतं आणि त्याचा डोस वाढवावा लागतो. फिट येण्याची शक्यता याच काळात जास्त, म्हणून तेव्हा गाडी चालवू नकोस. नवीन गोळीवर काही महिने शांत गेले की मगच बाळासाठी हिरवा कंदील. तोवर गर्भनिरोधन हवंच, पण कोणतं वापरतेस ते डॉक्टरांना सांग. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी लॅमोट्रिजिन कमी पडतं.

डोस वाढणार म्हणून घाबरलीस, ते मी समजू शकते. पण गरोदरपणात हेच इस्ट्रोजेन खूप वाढतं आणि यकृत हे औषध इतक्या वेगाने बाहेर टाकतं की रक्तातलं प्रमाण निम्म्यावरही येऊ शकतं. वाढवलेला डोस ती तूट भरून काढतो, बाळाला जास्तीचं औषध पाजत नाही. दिवस राहण्याआधी, सगळं स्थिर असताना, रक्तातल्या लॅमोट्रिजिनची तपासणी होऊ शकते का ते विचार. तो आकडा जपून ठेव. गरोदरपणात डॉक्टर त्याच्याशी ताडून डोस ठरवू शकतात.

आणि मध्येच दिवस राहिले तर? गोळ्या चालू ठेवायच्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं.

बाळंतपणानंतरचं फारसं कुणी सांगत नाही. प्रसूतीनंतर दोन-तीन आठवड्यांत यकृत पूर्वपदावर येतं आणि वाढवलेला डोस आता जास्त होतो. एकाचे दोन दिसणं, चक्कर, चालताना झोक जाणं ही त्याची खूण. ओल्या बाळंतिणीचा अशक्तपणा म्हणून ते अंगावर काढू नकोस. डोस कसा उतरवायचा हे डॉक्टरांकडून प्रसूतीआधीच लिहून घे. लॅमोट्रिजिनवर सहसा अंगावर पाजता येतं. जागरणाने मात्र फिट येऊ शकते, तेव्हा रात्री बाळाला कुणी बघायचं ते नवऱ्याशी आत्ताच ठरव. बाळाचे कपडे बदलशील ते जमिनीवर बसून.