ॲस्पिरिनच्या बॅक टायट्रेशनमध्ये इंडिकेटर कोणता निवडायचा आणि कोणाची मोलॅरिटी धरायची

प्रश्न: ॲस्पिरिनच्या गोळ्यांच्या गणितात सोडियम हायड्रॉक्साइडची पण मोलॅरिटी दिली आहे आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडची पण. उत्तर काढताना नक्की कोणती घ्यायची? आणि फिनॉल रेडच का, मिथाइल ऑरेंज का चालत नाही? (बी.फार्म. पहिले सेमिस्टर, ठाणे)

उत्तर:

या दोन्ही शंका सोडवायच्या असतील तर आधी एंडपॉइंटच्या क्षणी फ्लास्कमध्ये काय काय उरलेले असते, हे डोळ्यांसमोर आणावे लागते. मी बरीच वर्षे तुर्भ्याच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलमध्ये काम केले आणि आता नवी मुंबईतच शिकवतो. माझा अनुभव असा आहे की, विद्यार्थी सूत्र पाठ करून येतात, परंतु फ्लास्कचा विचार न केल्यामुळे इंडिकेटरही चुकतो आणि गणितही.

नेहमीच्या रीतीत वीस गोळ्या वजन करून त्यांची पूड करतात, साधारण अर्धा ग्रॅम ॲस्पिरिन येईल इतकी पूड घेतात, तिच्यावर पिपेटने बरोबर ३० मिलि ०.५ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड टाकतात आणि दहा मिनिटे मंद आचेवर उकळतात. या दहा मिनिटांत दोन गोष्टी घडतात. ॲस्पिरिनचा आम्लगट अल्कलीशी लगेच उदासीन होतो, आणि त्याचा एस्टर बंध तुटून निघालेले ॲसेटिक आम्ल अल्कलीचा आणखी एक वाटा खाते. म्हणजे ॲस्पिरिनचा एक मोल सोडियम हायड्रॉक्साइडचे दोन मोल संपवतो. सॅलिसिलेटवर फिनॉलचा हायड्रॉक्सिल गटही असतो, मग तीन मोल का नाहीत, असा प्रश्न चांगले विद्यार्थी हमखास विचारतात. तो गट इतका दुबळा आम्लधर्मी आहे की त्याने तीव्र अल्कलीत दिलेला हायड्रोजन, मागाहून आम्ल घालताना, एंडपॉइंटच्या पुष्कळ आधीच त्याला परत मिळालेला असतो. म्हणून हिशेबात तो धरायचा नाही.

यानंतर फ्लास्क थंड करून उरलेली अल्कली हायड्रोक्लोरिक आम्लाने टायट्रेट करतात. ही उरलेली अल्कली नेमकी संपते त्या क्षणी फ्लास्कमध्ये मिठाखेरीज सोडियम सॅलिसिलेट आणि सोडियम ॲसेटेट असते. यांतले ॲसेटेट हा सौम्य बेस आहे, त्यामुळे द्रावण सातवर येऊन थांबत नाही. अर्धा ग्रॅम ॲस्पिरिन आणि सुमारे ५० मिलि एकूण आकारमान धरले तर त्या क्षणी पीएच साधारण ८.८ येतो. फिनॉल रेडचा रंग ८.२ ते ६.८ या टप्प्यात लालचा पिवळा होतो. पीएच ८.८ वरून ७.५ वर आणायला ०.५ मोलर आम्ल जेमतेम ०.०१ मिलि जास्त लागते, आणि ब्युरेटचा एक थेंबच साधारण ०.०५ मिलिचा असतो. म्हणजे रंग बदलतो तो योग्य जागीच. फिनॉल्फथॅलीनही इथे चालते आणि काही फार्माकोपियांच्या रीतीत तेच सांगितलेले आहे, त्यामुळे जी रीत पाळत असाल तिच्यात लिहिलेला इंडिकेटर घ्यावा. मात्र नमुना आणि पूड न घालता केलेला ब्लँक या दोन्हींना एकच इंडिकेटर वापरावा.

मिथाइल ऑरेंजचा रंग पीएच ४.४ च्या खाली बदलू लागतो. तिथपर्यंत उतरायचे तर मधे ॲसेटेट आडवे येते. पीएच ४ ला पोहोचेपर्यंत सुमारे ८५ टक्के ॲसेटेटचे ॲसेटिक आम्ल झालेले असते आणि थोडे सॅलिसिलेटही आम्ल खाते. अर्ध्या ग्रॅम ॲस्पिरिनसाठी हे जादा आम्ल पाच मिलिपेक्षा थोडे अधिक भरते. एरवी ब्लँक आणि नमुना यांतला फरक अकरा मिलिच्या आसपास असतो. मिथाइल ऑरेंज घातल्यावर तो सहा मिलिवर येतो आणि चांगली गोळी कागदावर अर्ध्याच ताकदीची ठरते. ही चूक डोळ्यांनीही पकडता येते. बरोबर इंडिकेटर असेल तर एका थेंबात रंग पालटतो, पण इथे पिवळा रंग कित्येक मिलिपर्यंत हळूहळू नारिंगी होत राहतो आणि थांबायचे कुठे तेच कळत नाही. रंग असा रेंगाळू लागला की हात थांबवून इंडिकेटरच्या बाटलीवरचे लेबल वाचावे.

आता मोलॅरिटीकडे वळू. ब्लँक म्हणजे पूड न घालता त्याच पिपेटने घेतलेले ३० मिलि सोडियम हायड्रॉक्साइड, तितकाच वेळ उकळलेले, तसेच थंड केलेले आणि त्याच आम्लाने टायट्रेट केलेले. ब्लँकला लागलेले आम्ल म्हणजे एकूण अल्कली आणि नमुन्याला लागलेले आम्ल म्हणजे उरलेली अल्कली. दोन्हींतला फरक हा ॲस्पिरिनने खाल्लेल्या अल्कलीइतका. हा फरक आम्लाच्या मिलिमध्ये मोजलेला आहे, म्हणून त्याला आम्लाचीच मोलॅरिटी लावायची. ब्लँक दिलेला असेल तर सोडियम हायड्रॉक्साइडच्या मोलॅरिटीचे गणितात काही कामच नाही. दोन्ही फ्लास्कमध्ये ती सारखीच पडली आणि वजाबाकीत निघून गेली.

तुम्ही आकडे दिलेले नाहीत, म्हणून मी वर्गात देतो ते उदाहरण घेतो. गोळीवर ३०० मिग्रॅ लिहिले आहे. वीस गोळ्यांचे वजन ७.२४० ग्रॅम भरले, म्हणजे सरासरी एक गोळी ०.३६२० ग्रॅमची. पूड घेतली ०.६०५० ग्रॅम. ब्लँकला आम्ल लागले २९.८० मिलि, नमुन्याला १८.७० मिलि. आम्लाची प्रत्यक्ष मोलॅरिटी ०.४९६० आहे आणि सोडियम हायड्रॉक्साइडची ०.४९८५ दिलेली आहे.

फरक ११.१० मिलि. ०.५ मोलर द्रावणाच्या एका मिलित अर्धा मिलिमोल असतो. दोन मोल अल्कलीला एक मोल ॲस्पिरिन या हिशेबाने तो पाव मिलिमोल ॲस्पिरिनइतका होतो, आणि ॲस्पिरिनचा मोलर भार १८०.१६ असल्यामुळे एका मिलिला ४५.०४ मिग्रॅ ॲस्पिरिन येते. पुस्तकात फॅक्टर म्हणून छापलेला आकडा इथून आला. मात्र तो बरोबर ०.५ मोलर द्रावणासाठी आहे आणि आपले आम्ल किंचित सौम्य आहे, म्हणून ०.४९६० भागिले ०.५ म्हणजे ०.९९२ ने गुणावे लागते.

११.१० × ०.९९२ × ४५.०४ = ४९५.९ मिग्रॅ

इतके ॲस्पिरिन ०.६०५० ग्रॅम पुडीत आहे. एका गोळीच्या वजनाला किती, हे काढण्यासाठी ०.३६२० ने गुणून ०.६०५० ने भागले की २९६.७ मिग्रॅ येतात, म्हणजे लेबलवरच्या आकड्याच्या ९८.९ टक्के. ब्रिटिश फार्माकोपियाची या गोळ्यांसाठीची मर्यादा ९५ ते १०५ टक्के आहे, त्यात ही गोळी बसते.

एखादा विद्यार्थी दोन मोलऐवजी एकच मोल धरतो आणि फॅक्टर ९०.०८ घेतो. मग त्याचे उत्तर सुमारे ९९२ मिग्रॅ येते. घेतलेली पूडच ६०५ मिग्रॅ आहे, त्यात ९९२ मिग्रॅ औषध असूच शकत नाही. उत्तर लिहून झाल्यावर ते घेतलेल्या पुडीच्या वजनाशी ताडून पाहायची सवय लावली तर ही चूक जागच्या जागी सापडते.

दुसरी चूक मात्र अशी सापडत नाही, आणि ती माझ्या हातून झालेली आहे. नोकरीच्या पहिल्याच पावसाळ्यात घाईत मी ब्लँक न करता सोडियम हायड्रॉक्साइडच्या बाटलीवर लिहिलेली मोलॅरिटी धरून हिशेब केला. वरच्याच आकड्यांवर तसे करून पाहा: ३० मिलि ०.४९८५ मोलर म्हणजे १४.९५५ मिलिमोल अल्कली, त्यातून १८.७० मिलि आम्लाचे ९.२७५ मिलिमोल वजा केले की ५.६८० उरतात, त्यांच्या निम्मे ॲस्पिरिन, आणि गोळीत ३०६.१ मिग्रॅ म्हणजे १०२ टक्के. उत्तर मर्यादेत आहे, दिसायला सुरेख आहे आणि चुकीचे आहे. माझ्या वरिष्ठ मॅडमनी नोंदवही पाहिल्याबरोबर विचारले, “ब्लँक कुठे आहे?” आणि मला ते सगळे पुन्हा करायला लावले.

हा तीन टक्क्यांचा फरक येतो कुठून? अल्कली हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते. बाटली वरचेवर उघडली जाते तेव्हाही आणि उकळताना व थंड होतानाही. त्यातून कार्बोनेट बनते, आणि फिनॉल रेडच्या एंडपॉइंटला ते बायकार्बोनेटपर्यंतच टायट्रेट होते, त्यामुळे अल्कलीचा काही भाग आम्लाला दिसतच नाही. ब्लँक न करणारा हा हरवलेला भाग ॲस्पिरिनच्या खात्यावर टाकतो. ब्लँक न उकळता नुसता टायट्रेट करणाऱ्याचीही तीच गत, फक्त थोड्या प्रमाणात. ब्लँकने हरवलेला भाग दोन्हीकडे सारखा होतो आणि वजाबाकीत जातो. कार्बोनेट बरेच झाले असेल तर त्याची खूणही दिसते: पिवळा झालेला रंग फ्लास्क हलवल्यावर पुन्हा लालसर होतो.

एक मर्यादा मात्र या रीतीत कितीही काळजी घेतली तरी राहते. ठाण्याच्या पावसाळी हवेत उघड्या राहिलेल्या ॲस्पिरिनच्या बाटलीला व्हिनेगरसारखा वास येतो, कारण ओलाव्याने ॲस्पिरिन तुटून सॅलिसिलिक आणि ॲसेटिक आम्ल तयार होत असते. पण आपण उकळून तेच तर करतो. गोळीत आधीच तुटलेले ॲस्पिरिन एक मोल सॅलिसिलिक आणि एक मोल ॲसेटिक आम्ल म्हणून अल्कलीचे तेच दोन मोल खाते, आणि टायट्रेशन बिघडलेली गोळीही पूर्ण ताकदीची दाखवते. जे ॲसेटिक आम्ल वास होऊन उडून गेले, तेवढीच घट दिसते. म्हणून सुट्या सॅलिसिलिक आम्लाची चाचणी वेगळी करावी लागते. फेरिक क्लोराइडचे सौम्य द्रावण घातल्यावर येणारा जांभळा रंग हे तिचे सर्वांत साधे रूप आहे, आणि तुमच्या प्रात्यक्षिकात ती असेल तर ॲसेच्या आधी करा.