परदेशी फंडात पैसे टाकण्याआधी

फीडर फंड स्वतः शेअर घेत नाही, तुमचे पैसे परदेशातल्या मूळ फंडात नेऊन टाकतो. त्यामुळे खर्च दोनदा कापला जातो. समजा फीडरचा खर्च ०.६ टक्के आणि मूळ फंडाचा ०.८, तर वर्षाला १.४ टक्के गेले. जाहिरातीत पहिलाच आकडा ठळक दिसतो. दुसरा योजनेच्या माहितीपत्रकात शोधावा लागतो.

मोठी अडचण मर्यादेची. भारतातल्या सगळ्या म्युच्युअल फंडांना मिळून परदेशात ७ अब्ज डॉलरपर्यंतच गुंतवता येतात, परदेशी ईटीएफसाठी वेगळे १ अब्ज. ही मर्यादा भरत आली म्हणून २०२२ च्या सुरुवातीला अनेक योजनांनी नवे पैसे घेणे थांबवले. तुमची एसआयपीसुद्धा अशी मध्येच बंद पडू शकते. पैसे काढायला मात्र अडचण नसते.

काहीजण मग शेअर बाजारातून परदेशी निर्देशांकाचा ईटीएफ घेतात, आणि खरा फटका इथेच बसतो. मर्यादेमुळे नवी युनिट तयार होत नाहीत, मागणी वाढते, भाव फुगतो. आयएनएव्ही म्हणजे एका युनिटमागे असलेल्या गुंतवणुकीचे त्या वेळचे अंदाजे मूल्य. ते १०० असताना भाव ११५ असेल आणि पुढे ही तफावत मिटली, तर निर्देशांक जागेवर असूनही तुमचे १३ टक्के गेले. फंड कंपनीच्या संकेतस्थळावर आयएनएव्ही बघा. फरक दोन टक्क्यांपेक्षा जास्त दिसला तर मी तरी घेणार नाही. दुसऱ्या फंडांत पैसे टाकणारा फंड ऑफ फंड असा ईटीएफ बाजारातून घेत असेल, तर तोही हाच फुगलेला भाव मोजतो.