लाली दिसते, सैलपणा दिसत नाही

“मॅडम, अर्धा ग्लास बिअर घेतली तरी तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते. मित्र म्हणतात, पीत राहा, सवय होईल. खरंच होते का?”

लाली काही जणांची कालांतराने कमी होते, परंतु तिच्यामागचे कारण तसेच राहते. हिंजवडीत काम करणाऱ्या एका तिशीतल्या तरुणाला मी हेच सांगितले, तेव्हा त्याने आपला उपाय सांगितला: पार्टीच्या आधी ॲलर्जीची गोळी घ्यायची, मग तोंड लाल होत नाही आणि तीन ग्लास सहज जातात.

“आणि तीन ग्लासांनंतर काय मिळतं?”

थोडा वेळ गप्प राहून तो म्हणाला, “बोलायला जमतं.”

ही दोन वेगळी कामे आहेत, हे माझ्या मते त्या क्षणी त्याला प्रथमच दिसले. बोलायला जमते ते मेंदूमुळे. तिथे ‘गाबा’ नावाचे रसायन पेशींचा वेग कमी करते आणि दारू त्याच्या ग्राहींवर त्याचा परिणाम वाढवते, त्यामुळे धाकधूक ओसरते. लालीचा उगम मात्र प्रामुख्याने यकृतात असतो. तिथे दारूपासून प्रथम ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य तयार होते आणि एएलडीएच२ हे विकर त्याचे निरुपद्रवी ॲसिटेटमध्ये रूपांतर करते. ज्यांचे हे विकर जन्मतःच दुबळे असते, त्यांच्या रक्तात ॲसिटाल्डिहाइड साचते, हिस्टामिन सुटते, रक्तवाहिन्या रुंदावतात आणि चेहरा तापतो. जपान, चीन, कोरियात असा वारसा सर्रास आढळतो. आपल्याकडे तो विरळा आहे, म्हणून पहिल्याच पेल्यापासून असे होते की अलीकडे सुरू झाले, हे मी आवर्जून विचारते. याचे वडीलही लग्नकार्यात घोटभर घेऊन लाल होत आणि “आपल्याला चालत नाही” म्हणून पेला खाली ठेवत. डॉक्टरांनी इतर कारणे तपासून वारशाचीच शक्यता जास्त सांगितली.

गोळी फक्त हिस्टामिनची खूण पुसते. ॲसिटाल्डिहाइड तितकेच राहते, उलट तीन ग्लासांमुळे वाढते, आणि असे विकर दुबळे असलेल्या पिणाऱ्यांना अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका बराच जास्त असतो. “म्हणजे मी इंडिकेटरची वायर कापून गाडी पळवत होतो,” असे तो स्वतःच म्हणाला. अशी वाक्ये मी पढवत नाही. ती आतून आलेलीच टिकतात.

पुढच्या भेटींत आम्ही दारूऐवजी त्याच्या धाकधुकीवर काम केले: कोणाशी बोलायचे, पहिले वाक्य कोणते, घशाला कोरड पडली तर काय. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला जी अस्वस्थता वाटे, तीही त्याने ओळखली. दारू उतरली की दाबलेला मेंदू उसळी घेतो. (रोज भरपूर पिणाऱ्यांनी मात्र एकदम बंद करू नये, झटके येऊ शकतात, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी.) गोळी त्याने बंद केली. आता पार्टीत तो बहुधा लिंबू सोडा घेतो.

लाली अलीकडेच सुरू झाली असेल, तर चालू औषधांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जावे. डायसल्फिराम हे औषध तर याच विकराला अडवते, आणि ते दारू सोडवण्यासाठीच दिले जाते.