औषधांची चिठ्ठी, लसीचं कार्ड आणि परदेशी तपासणी

आई तीन महिने जर्मनीला चालली आहे. डॉक्टरांची चिठ्ठी मराठीत आहे. गोळ्यांची नावं आहेत तशीच इंग्रजीत लिहिली तर चालेल ना? — एक वाचक, लातूर

तेवढ्याने भागणार नाही. आपल्याकडची ब्रँडची नावं तिकडच्या डॉक्टरांना माहीत नसतात. शुगरची ‘ग्लायकोमेट जीपी २’ ही गोळी घ्या. अनेक जण तिच्यासमोर नुसतं ‘२ मिग्रॅ’ लिहून मोकळे होतात. पण २ मिग्रॅ आहे ते ग्लिमेपिराइड. त्याच गोळीत ५०० मिग्रॅ मेटफॉर्मिनही असतं. ते लिहिलं नाही, तर तिथला डॉक्टर मेटफॉर्मिन वेगळं सुरू करील आणि डोस दुप्पट होईल.

म्हणून ओळ अशी हवी: ब्रँडचं नाव, दोन्ही घटक मात्रेसह, मेटफॉर्मिन सावकाश सुटणारं असल्याची नोंद, ‘रोज एक, सकाळच्या नाश्त्याबरोबर’, आणि ९० दिवसांच्या ९० गोळ्या. दिवसाची मात्रा आणि सोबतचा साठा जुळला की कस्टमलाही हिशेब लागतो. दिवसातून एकदा, दोनदा यासाठीची ‘ओडी’, ‘बीडी’ अशी अक्षरं न ठेवता पूर्ण शब्दांत लिहा, महिनाही अक्षरांत.

घटक भाषांतरकाराने अंदाजाने भरायचे नाहीत. मी अशी चिठ्ठी डॉक्टरांकडेच परत पाठवते. त्यांनी लेटरहेडवर इंग्रजीत, सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांकासह लिहून दिलं की जर्मन भाषांतर त्यावरून करायचं आणि मूळ पत्र सोबत जोडायचं. आईंचं नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं, अक्षरन् अक्षर.

केनियाला कामासाठी निघालोय. पिवळ्या तापाच्या कार्डावर आडनावाचं स्पेलिंग चुकलंय. भाषांतरात दुरुस्त करून मिळेल का? — एक वाचक, नांदेड

नाही, आणि पेनानेही हात लावू नका. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार खाडाखोड किंवा अपुरी भरलेली जागा यामुळे कार्ड बाद ठरू शकतं. ज्या केंद्रात लस घेतली तिथे पासपोर्ट घेऊन जा आणि नवं कार्ड मागा. त्यावर केंद्राचा शिक्का आणि डॉक्टरांची हाताने केलेली सही, दोन्ही पाहून घ्या. शिक्का सहीची जागा घेत नाही. हे कार्ड इंग्रजी किंवा फ्रेंचमध्येच भरायचं असतं, त्यामुळे सीमेवर भाषांतराची गरजच नसते.

लस घेतल्यापासून १० दिवसांनी कार्ड लागू होतं आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. केनियाहून परतताना ते वैध नसेल, तर भारतात ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

वडील दुबईला येत आहेत. गुडघेदुखीसाठी ट्रामाडोल चालू आहे. पत्राचं अरबी भाषांतर पुरेल का? — एक वाचक, बीड

पुरणार नाही. ट्रामाडोल तिथे नियंत्रित औषध आहे. प्रवासाआधी अमिरातीच्या सरकारकडे ऑनलाइन अर्ज करून परवानगी घ्यावी लागते; डॉक्टरांचं पत्र आणि प्रिस्क्रिप्शन त्या अर्जाला जोडायचं. परवानगी हातात येईपर्यंत गोळ्या बॅगेत भरू नका. त्याऐवजी दुसरं औषध चालेल का, हे डॉक्टरांना आत्ताच विचारा, कारण ट्रामाडोल बरेच दिवस चालू असेल तर ते एकदम बंद करता येत नाही.