चहात असतं तरी काय?

"मॅडम, रात्रीचा भात बंद केला, पोळ्या चारावरून दोनवर आणल्या, खाल्लेलं सगळं ॲपमध्ये लिहिते. चहा-कॉफी धरून सहा कप होतात, पण चहात असतं तरी काय? दोन महिने झाले, काटा जागचा हलत नाही."

हे विचारणाऱ्या ताई नाशिकमधल्या सातपूरच्या एका कारखान्यात अकाउंट्स बघतात. मी आधी त्यांचा मोबाइल मागितला. जेवणाच्या नोंदी अगदी चोख होत्या. चहापुढे मात्र प्रत्येक वेळी 2 कॅलरी. यादीत "Tea, black" वर आलं म्हणून त्यांनी तेच निवडलं होतं. म्हणजे ॲपच्या लेखी ताई दिवसभर कोरा, बिनसाखरेचा चहा पीत होत्या!

पुढच्या वेळी येताना त्यांना घरचा कप आणि साखरेच्या डब्यातला चमचा घेऊन यायला सांगितलं. चहा आटतो, त्यामुळे भरलेला कप मोजून काही कळत नाही. भांड्यात दूध किती पडलं ते मोजायचं. रोज ओतता तेवढं कपात पाणी ओता म्हटलं, ते मापात घेतलं तर 80 मिली भरलं. दूध गवळ्याकडचं, म्हशीचं, साय न काढता वापरलेलं. मग चमचा. "दीड चमचा घालते," असं त्या म्हणाल्या, पण हात सवयीने शीग लावून दोनदा गेला. वजनकाट्यावर 12 ग्रॅम साखर. सपाट चमच्यात साधारण 4 ग्रॅम मावते, शिगेचा चमचा 6 वर जातो. फसगत इथेच होते.

एका कपाचा हिशेब असा झाला: कर्बोदकं 16 ग्रॅम, फॅट 5, प्रथिनं 3, मिळून 120 च्या आसपास कॅलरी. घरी सकाळी असे दोन. कारखान्याबाहेरच्या टपरीवर तीन कटिंग. तिथलं माप अंदाजानेच धरावं लागतं, एकेक साठेकची. आणि रात्री टीव्हीसमोर कॉफी, तीही निव्वळ दुधाची, पाण्याचा थेंब नाही. ही एकटीच 190 पर्यंत गेली. दिवसाची बेरीज 600 च्या थोडी वर: कर्बोदकं 80 ग्रॅम (त्यातली 60 ग्रॅम वरून घातलेली साखर), फॅट 26, प्रथिनं 15. घडीच्या पाच पोळ्या सहज.

ताई लगेच म्हणाल्या, "मग गुळाचा चहा करते." हे मी आठवड्यातून चारदा ऐकते. गुळातही ग्रॅमला जवळपास साखरेएवढीच कॅलरी असते. शिवाय त्यांच्या बेरजेत साखरेच्या 240 होत्या आणि दुधाच्या 370. सगळे साखरेला बोल लावतात, रात्रीच्या कॉफीतलं 150 मिली म्हशीचं दूध कुणाच्या नजरेत येत नाही.

त्यांना हे आकडे पटेनात. म्हणून एका बाटलीत 200 ग्रॅम साखर मोजून दिली: घरच्या चहा-कॉफीला फक्त हीच वापरायची. त्यांच्या मते अकरा दिवस पुरायला हवी होती. सहाव्या दिवशी दुसऱ्या चहालाच बाटली रिकामी झाली.

सकाळच्या पहिल्या चहाला मी हात लावला नाही. तो काढून घेतला की माणूस चौथ्या दिवशी सगळंच सोडून देतं. नाश्त्याबरोबरचा चहा अर्धा कप केला. टपरीवर साखर पातेल्यातच उकळलेली असते, "कमी साखर" म्हणून उपयोग नाही, म्हणून तिथे तिनाचं एक केलं. कॉफीत निम्मं दूध, निम्मं पाणी आणि एक सपाट चमचा साखर. एवढ्यावर बेरीज 330 पर्यंत उतरली.

पण दूध घटलं तशी सहा-साडेसहा ग्रॅम प्रथिनंही गेली. म्हणून डब्यातल्या बटाट्याच्या भाजीच्या जागी वाटीभर मोडाच्या मटकीची उसळ आली. (मिसळीच्या गावात मटकी खा म्हणून कुणाला गळ घालावी लागत नाही. तर्रीचं तेवढं सांभाळायचं.) आणि बंद केलेल्या दोनपैकी एक पोळी मी त्यांना परत दिली. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असतं, तर एवढी साखर एकदम कमी करण्याआधी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं असतं.

दोन महिन्यांत सव्वा किलो उतरलं. त्यांना तीनची आशा होती, जरा हिरमुसल्या. मी कागदावर दाखवलं, की पोळी परत दिल्यावर रोजची वजाबाकी पावणेदोनशेची उरते, आणि तेवढ्यात एवढंच उतरतं.

डिसेंबरात त्यांचा फोन आला. थंडी कडाक्याची, टपरीवर पुन्हा तीन कटिंग सुरू झाल्या होत्या. पण आता ॲपमध्ये त्यांनी स्वतःचीच नोंद करून ठेवली होती: "टपरी कटिंग, 60."