अनुनासिक स्वर कुठे अर्थ बदलतो आणि कुठे नाही, हे कसं ओळखायचं?

"मी नागपूरचा, घरी मराठी, बाहेर हिंदी. हिंदीत सास आणि साँस वेगळे, पण मराठीत एखादा स्वर नाकातून म्हटला तरी अर्थ तोच राहतो. मग मराठीत अनुनासिक स्वर नाहीतच का? आणि तसं असेल तर 'घरावर' आणि 'घरांवर' हे काय आहे?"

मराठीत अनुनासिक स्वर आहेत आणि ते दिवसभर तुमच्या तोंडून निघत असतात. फक्त ते शेजारच्या व्यंजनामुळे होतात. हिंदीत ते स्वतःच्या बळावर उभे राहतात. सगळा फरक एवढाच, पण तो नीट पडताळून बघायला थोडी वाट काढावी लागते.

आधी नाकाची खात्री करून घ्या. 'काप' म्हणा आणि म्हणता म्हणता नाक चिमटीत धरून सोडा. आवाजात काहीच बदल होत नाही. आता 'काम' म्हणा आणि ओठ मिटायच्या जरा आधी, 'आ' चालू असतानाच नाक दाबा. आवाज एकदम कोंदतो. याचं कारण असं, की म म्हणायचा तर टाळूचा मागचा मऊ भाग खाली येऊन नाकाची वाट उघडावी लागते, आणि तो पडदा ओठांच्या बरोबर एका क्षणात हलत नाही. तो आधीच उतरायला लागतो, म्हणून 'आ'चा शेवटचा भाग नाकातून जातो. इंग्रजीत 'बॅड' आणि 'बॅन' म्हणून बघा, तिथेही हेच होतं. तेव्हा हवा नाकातून गेली की नाही, या प्रश्नाने काही सुटत नाही. खरा प्रश्न हा, की पुढचं व्यंजन माहीत असतं तर ती हवा जाणार हे आधी सांगता आलं असतं का?

'काम'मध्ये सांगता येतं, पुढे म आहे. हिंदीच्या 'कहा' आणि 'कहाँ'मध्ये सांगता येत नाही. दोन्हीकडे ह, दोन्हीकडे आ, आणि पुढे काहीच नाही. तरी एक 'म्हटलं' आणि दुसरा 'कुठे'. बाकी सगळं सारखं आणि एकाच आवाजाने अर्थ वेगळा, अशा जोडीला लघुतम जोडी म्हणतात. 'है' आणि 'हैं', 'थी' आणि 'थीं', 'सास' आणि 'साँस' या सगळ्या भक्कम जोड्या आहेत.

पण जोडी निवडताना एक चूक फार होते, आणि माझ्या वर्गातही दरवर्षी कोणीतरी करतंच. मुलं 'गोद' आणि 'गोंद' आणतात. लिहिताना ठीक दिसतं. मात्र हिंदीत दीर्घ अनुनासिक स्वराच्या पुढे ग, द, ब यांसारखं घोष व्यंजन आलं, की मध्ये एक छोटासा खरा ङ, न किंवा म ऐकू येतो. 'चाँद' सावकाश म्हणा, जीभ दातांना टेकल्यावरही क्षणभर नाकातून आवाज येत राहतो. मग समोरचा म्हणू शकतो, की हा फरक स्वराचा नाही, त्या न्‌चा आहे, आणि त्याचं म्हणणं खोडता येत नाही. म्हणून जोडी शब्दाच्या शेवटची घ्या, नाहीतर 'साँस'सारखी घ्या, जिथे लपायला न्‌ला जागा नाही.

आता तुमचं 'घरावर' आणि 'घरांवर'. प्रश्न खरंच चांगला आहे, कारण कानाला ही लघुतम जोडीच वाटते. पण ते 'घरां' एकट्या 'वर'बरोबर ऐकू नका, त्याला निरनिराळ्या शब्दांशेजारी बसवा. 'घरांत' म्हणताना जीभ दातांना लागते आणि न ऐकू येतो. 'घरांपाशी' म्हणताना ओठ मिटतात, म्हणजे म. 'घरांकडे' म्हणताना आवाज घशाजवळ, ङ. अनुस्वार एकच, पण पुढचं व्यंजन जिथे असेल तिथे तो जाऊन बसतो. त्याची स्वतःची अशी जागा नाही. मग पुढे व आला तर? व म्हणताना तोंड कुठेच पूर्ण बंद होत नाही, त्यामुळे अनुस्वाराला टेकायला जागा मिळत नाही आणि नाकातला आवाज आ आणि व यांच्यावर पसरतो. 'मांस', 'वंश', 'सिंह' यांतही हेच, तिथे तर नाकातला एक व मध्ये आल्यासारखा वाटतो. म्हणजे 'घरांवर'मधला अनुनासिक आ हा 'घरांत'मधल्या न्‌चाच भाऊ आहे. पुढचं व्यंजन सांगा, तो कोणत्या रूपात येणार ते मी आधीच सांगते.

यावर कोणी 'जानवं' काढून दाखवेल, तिथे व्‌च्या आधी चांगला ठणठणीत न आहे. बरोबर आहे, पण तो न स्वतःच्या जागेचा मालक आहे, तो कुणापुढे बदलत नाही. अनुस्वार वेगळा. मी हेही मान्य करते, की फक्त व्‌च्या आधीची जागा पाहिली तर मराठीत अनुनासिक स्वराने अर्थ बदलतो असंच दिसतं. पण पूर्ण भाषा समोर ठेवली की तो एकाच अनुस्वाराचा एक अवतार ठरतो. निर्णय करणारी कसोटी शब्दाच्या शेवटी आहे. पुढे काहीच नसताना, निव्वळ नाकातल्या स्वराने अर्थ बदलणारा एक प्रमाण मराठी शब्द दाखवा. 'हं' आणि 'हां' सोडून, उद्गार मोजत नाहीत.

इथे बरेच जण 'केलं' आणि 'घरं' पुढे करतात. नाक धरून म्हणून बघा, काहीच कोंदत नाही. तो टिंब आता नाकाचा नाहीच, शेवटचा अ लांब म्हणायचा एवढंच तो सांगतो. पूर्वी 'केलें', 'तें', 'घरें' असं लिहीत, आणि तो अनुस्वार एके काळी खरोखर नाकातून म्हटला जाई. पुल्लिंगी अनेकवचनी 'ते' आणि नपुंसकलिंगी 'तें' यांच्यातला फरक तेव्हा नाकावर होता. कोंकणीत तो आजही आहे, ते आणि तें. मराठीत उच्चार गेला, लिखाण मागे राहिलं, आणि 1962 साली मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांनी असे न उच्चारलेले अनुस्वार काढून टाकले. अनेकवचनाच्या सामान्यरूपावरचा मात्र ठेवला, म्हणूनच आपण 'घरांवर' लिहितो. आता 'केले' आणि 'केलं' यांतला फरक स्वराच्या रंगावर आला आहे, नाकाचं काम तोंडाने घेतलं.

हिंदी आणि मराठी इथे कुठे वेगळ्या झाल्या ते एका शब्दात दिसतं. संस्कृत 'दन्त'. आधी त्यातला न विरघळला आणि नाकातला आवाज मागच्या स्वरात उरला. हिंदी तिथे थांबली, 'दाँत'. मराठी आणखी एक पाऊल पुढे गेली, 'दात'. 'पाँच' आणि 'पाच', 'काँटा' आणि 'काटा' हे त्याच वाटेचे. नागपुरात जन्म गेलेली मराठी माणसं हिंदी बोलताना "वो लोग आते है" म्हणतात त्याचं मूळही इथेच आहे. त्यांना नाकातून बोलता येत नाही असं नाही, 'काम'मध्ये ते करतातच. पुढे व्यंजन नसताना नाकाची वाट उघडायचं कारण त्यांच्या भाषेने त्यांना दिलेलं नसतं.

फ्रेंचमध्ये याची उलटी बाजूही सापडते. 'बॉं' मध्ये स्वर नाकातला, म्हणजे चांगला. 'बॉन' मध्ये पुढे धडधडीत न, तरी स्वर तोंडातलाच राखायचा, म्हणजे चांगली. जिथे स्वर नाकात जाणारच असं तुम्हाला वाटलं असतं, नेमका तिथेच तो जात नाही. अशी जागा मिळाली, की ती भाषा अनुनासिक स्वर वेगळा मोजते हे पक्कं समजा.

नागपूरच्या धंतोलीत आमच्या शेजारी एक बंगाली काकू राहतात. त्यांच्याकडून मी एक शब्द शिकले, तो मला अजूनही मनासारखा जमत नाही. बंगालीत 'कादा' म्हणजे चिखल आणि 'काँदा' म्हणजे रडणं. मी म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "हे तुमचं भाजीतलं झालं." मग आम्ही दोघींनी शब्द ताणून पाहिले. माझा कांदा ताणला की 'कान्‌ऽऽदा' होतो, जीभ दातांना चिकटलेली. त्यांचा ताणला की 'काँऽऽदा', जीभ मोकळी. नाकातला आवाज नेमका कुठे राहतो, व्यंजनात की स्वरात, हे समजायला याहून सोपी रीत मला माहीत नाही. हीच रीत 'चाँद'लाही लावून बघा.

बंगालीचा विषय निघालाच आहे तर अदिती लाहिरी आणि विल्यम मार्स्लेन-विल्सन या भाषा-अभ्यासकांचा 1991 चा प्रयोग सांगायलाच हवा. त्यांनी शब्द मध्येच तोडून, फक्त स्वरापर्यंत ऐकवले आणि ऐकणाऱ्याला शब्द ओळखायला सांगितला. 'पान'सारखा शब्द, न यायच्या आत तोडलेला, बंगाली लोकांना ऐकवला तर त्यांनी मुख्यतः 'पाँक'सारखे, म्हणजे मुळात अनुनासिक स्वर असलेले शब्द सांगितले. पुढे न येत असेल हे त्यांच्या मनात तितकं आलं नाही, कारण त्यांच्या भाषेत नाकातला आ हा एक वेगळाच स्वर आहे. इंग्रजीत तशी सोय नाही, तिथे असा स्वर पुढच्या न्‌ची चाहूल देतो. डोक्यात शब्द कसे साठवलेले असतात याबद्दल या निकालातून काय सिद्ध होतं, यावर पुढे मतभेद झाले. मंजरी आणि जॉन ओहाला यांनी 1995 साली हिंदी आणि इंग्रजी घेऊन हाच प्रश्न पुन्हा तपासला आणि लाहिरींच्या निष्कर्षाला आक्षेप घेतला.

आता तुमच्याच भागातली गोष्ट. माझी आई अकोल्याची. हे सगळं लिहायच्या आधी मी तिला स्वयंपाकघरात गाठलं आणि "घरांवर पत्रे टाकले" असं म्हणायला सांगितलं. तिने पुस्तकी वाक्य एकदा म्हटलं, नाक धरल्यावर आवाज कोंदला. मग मी विचारलं, तू एरवी कसं म्हणशील? ती म्हणाली, "घरायवर." पुन्हा नाक धरलं, काहीही बदल नाही. पोरायले, लोकायचं, घरायवर. वऱ्हाडीत अनेकवचनाचं काम य करतो आणि नाकाची वाट बंदच राहते.